चुकलेल्या प्रश्नांचा आठवडा : बी.एस्सी. नर्सिंग सीईटीपूर्वीची माझी उजळणी

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचे गाव आहे. बारावीची बोर्डाची परीक्षा मार्च २०२५ मध्ये संपली आणि राज्य सीईटी कक्षाची नर्सिंगची प्रवेश परीक्षा ७ आणि ८ एप्रिलला होती. माझी परीक्षा ७ तारखेला, सोमवारी, यवतमाळला होती. गुढीपाडवा ३० मार्चला झाला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात बरोबर एक आठवडा उरला. या आठवड्यात नवीन धडा उघडायचा नाही, नवीन प्रश्नपत्रिका घ्यायची नाही, केवळ आतापर्यंतच्या सराव प्रश्नपत्रिकांत जे प्रश्न चुकले तेवढेच पाहायचे, असे मी ठरवले होते. ते कसे केले, कुठे अडले आणि त्यातून काय सुधारले नाही, हे पुढच्या वर्षी बसणाऱ्या मुलींसाठी लिहून ठेवत आहे.

परीक्षेचे स्वरूप आधी सांगते, कारण सगळे नियोजन त्यावर अवलंबून होते. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता या पाच भागांचे प्रत्येकी वीस प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला एक गुण असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून असते. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही पूर्ण मिळत नाही, आणि ज्या गोष्टीत आपण गोंधळतो तिथे थांबून विचार करायला वेळ नसतो. गोंधळ घरीच मिटवून जावा लागतो.

सोमवारी, ३१ मार्चला, मी नुसते गोळा करण्याचे काम केले. सराव प्रश्नपत्रिका मी तालुक्याच्या नेट कॅफेतून दोन रुपये पानाप्रमाणे छापून आणल्या होत्या आणि दोन प्रश्नपत्रिका मैत्रिणीकडून झेरॉक्स केल्या होत्या. त्या सगळ्या ओसरीत पसरून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाभोवती लाल गोल केला. सोडवताना ज्या प्रश्नांचे उत्तर अंदाजाने दिले होते, त्यांच्यापुढे मी तेव्हाच पेन्सिलीने ठिपका देत असे. आता ते प्रश्नही चुकलेल्यांत धरले, मग उत्तर बरोबर आलेले असो वा नसो. ही सवय पहिल्या सरावापासून लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न गुणांच्या बेरजेत लपून राहतो आणि खऱ्या परीक्षेत तोच चुकतो. असे सगळे मिळून दीडशेच्या आसपास प्रश्न निघाले. आकडा पाहून छातीत धस्स झाले, आणि एका आठवड्यात एवढे कसे होणार या विचाराने त्या दुपारी जेवणही नीट गेले नाही.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला कारणाचे चिन्ह दिले. माहितीच नव्हती तिथे ‘मा’, दोन गोष्टींत गोंधळ झाला तिथे ‘गों’, प्रश्न नीट वाचला नाही तिथे ‘वा’ आणि हिशेब किंवा एकक चुकले तिथे ‘हि’. हे चिन्ह देताना उत्तरसूची झाकून ठेवणे गरजेचे आहे. उत्तर दिसले की ‘हे तर मला येत होते’ असे वाटते आणि प्रत्येक चूक ‘वा’मध्ये टाकावीशी वाटते. म्हणून मी आधी प्रश्न पुन्हा सोडवत असे. आता बरोबर आला तर ‘वा’ किंवा ‘हि’, पुन्हा त्याच चुकीच्या पर्यायावर बोट गेले तर ‘गों’, आणि काहीच सुचले नाही तर ‘मा’. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले. मला वाटत होते की माहितीच कमी आहे, प्रत्यक्षात सर्वांत मोठा गठ्ठा ‘गों’चा होता. म्हणजे धडा वाचलेला होता, पण त्यातून मनात एखादा चुकीचा नियम बसला होता.

मंगळवार संपूर्ण जीवशास्त्राच्या ‘गों’साठी दिला. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी टिनाखाली बसवत नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर अशा दोनच बैठका ठेवल्या होत्या. चाळीस रुपयांची एक दोनशे पानी वही घेतली होती. प्रत्येक प्रश्नाला अर्धे पान, आणि त्यावर तीन गोष्टी: मी कोणता पर्याय निवडला आणि का, खरा नियम काय, आणि उरलेला प्रत्येक पर्याय कोणत्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ठरला असता. तिसऱ्या गोष्टीला वेळ लागतो, पण एका चुकलेल्या प्रश्नातून तीन न विचारलेले प्रश्न तयार होतात ते तिच्यामुळेच.

एक प्रश्न सविस्तर सांगते. खालीलपैकी कशातून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, असे विचारले होते. पर्याय होते पल्मनरी आर्टरी, पल्मनरी व्हेन, सुपीरियर व्हेना कावा आणि उजवी जवनिका. मी पल्मनरी आर्टरी निवडले होते, आणि सोमवारी पुन्हा सोडवतानाही तेच निवडले. वहीत कारण लिहायला बसले तेव्हा कळले की ‘आर्टरी म्हणजे शुद्ध रक्त, व्हेन म्हणजे अशुद्ध रक्त’ हे शाळेत कधीतरी पाठ झालेले वाक्य माझ्या डोक्यात नियम म्हणून बसले होते. खरा नियम दिशेचा आहे. हृदयापासून रक्त दूर नेते ती आर्टरी आणि हृदयाकडे रक्त आणते ती व्हेन. पल्मनरी आर्टरी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाते, म्हणून ती आर्टरी, पण तिच्यातले रक्त अजून ऑक्सिजन घ्यायला निघालेले असते. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन परत येणारे रक्त पल्मनरी व्हेनमधून डाव्या अलिंदात येते, म्हणून उत्तर पल्मनरी व्हेन.

हे लिहून झाल्यावर दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतला एक लाल गोल आठवला. वारेतून गर्भाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त नेणारी वाहिनी कोणती, या प्रश्नाला मी अम्बिलिकल आर्टरी लिहिले होते. तीही त्याच वाक्याची चूक होती. वाहिनीचे नाव गर्भाच्या हृदयावरून ठरते, वारेकडून येणारे रक्त गर्भाच्या हृदयाकडे जाते, म्हणून ती अम्बिलिकल व्हेन. दोन वेगळ्या धड्यांतले, वेगळे दिसणारे प्रश्न एका मुळातून चुकले होते. मग मी प्रत्येक ‘गों’ प्रश्न लिहिण्याआधी आधीची पाने चाळून त्याचे मूळ आधीच सापडले आहे का ते पाहू लागले. दीडशेचा आकडा तेव्हा पहिल्यांदा हलका वाटला. अर्थात नवा नियमही तपासून घ्यावा लागतो. हिपॅटिक पोर्टल व्हेन आतड्याकडून रक्त घेते, पण ते सरळ हृदयाकडे न नेता यकृतात नेते. तेथून ते हिपॅटिक व्हेनमधून पुढे हृदयाकडे जाते. हा अपवाद मी त्याच पानावर तळाशी चौकट करून लिहिला, कारण नवीन नियम सापडल्याच्या आनंदात तो सगळीकडे लावून मोकळे होण्याची भीती असते.

बुधवारी भौतिक आणि रसायनचे ‘हि’ प्रश्न घेतले. इथे फार लिहायचे नव्हते, हात बसवायचा होता. उदाहरणार्थ, पंचवीस सेंटिमीटर नाभीय अंतर असलेल्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती विचारली की सूत्र `P = 1/f` सर्वांना येते, पण `f` मीटरमध्ये घ्यायचे हे घाईत सुटते. १ भागिले २५ केले की ०.०४ येते, आणि तो पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. ०.२५ मीटर घेतले की शक्ती ४ डायॉप्टर येते. भिंग अंतर्वक्र असेल तर हेच उत्तर ऋण होते, आणि ऋण चिन्ह नसलेला पर्यायही तिथे असतोच. मी वहीत उत्तराऐवजी सापळे लिहिले: कोणता चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो. त्यानंतर चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरचे आकडेसुद्धा मी मनात नाभीय अंतरात बदलून पाहू लागले, उणे दोन म्हणजे पन्नास सेंटिमीटरचे अंतर्वक्र भिंग, याप्रमाणे.

‘वा’चे प्रश्न थोडे होते आणि जवळजवळ सगळे एकाच प्रकारचे. प्रश्नात `NOT` किंवा `EXCEPT` होते आणि माझी नजर त्यावरून निसटली होती. स्निग्ध पदार्थांत विरघळणारे नसलेले जीवनसत्त्व कोणते, या प्रश्नात अ, क, ड आणि के असे पर्याय असताना मी पहिलेच अ पाहून खूण केली होती. यासाठी एकच उपाय ठरवला: असा शब्द दिसला की कच्च्या कागदावर ‘नाही’ असे लिहायचे आणि मगच पर्याय वाचायचे. दोन सेकंद जातात, पण प्रश्न वाचतो.

गुरुवारचा दिवस अभ्यासातून जवळजवळ गेलाच. प्रवेशपत्र काढायला दारव्ह्याला गेले. नेट कॅफेत आधीच पाच-सहा मुले बसली होती आणि संकेतस्थळ इतके सावकाश चालत होते की लॉगिन होईपर्यंत दुपार झाली. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च फारसा नव्हता, पण वेळ मात्र गेला. प्रवेशपत्र दिसू लागले की त्याच दिवशी काढावे, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नये. माझ्या मागे बसलेल्या मुलीच्या आधार कार्डावरच्या आणि अर्जातल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक होता आणि ती फार घाबरली होती. नाव, जन्मतारीख, फोटो, केंद्राचा पत्ता आणि हजर राहण्याची वेळ तिथेच उभे राहून तपासावी आणि दोन प्रती काढाव्यात. सोबत मूळ ओळखपत्र आणि काय नेण्यास परवानगी आहे ते प्रवेशपत्रावरच लिहिलेले असते, ते पूर्ण वाचावे.

येताना गावच्या उपकेंद्रावर थांबले, कारण अभियोग्यतेचे काही प्रश्न मला पुस्तकातून सुटत नव्हते. तिथल्या सिस्टर मला लहानपणापासून ओळखतात. मी त्यांना माझा चुकलेला प्रश्न वाचून दाखवला: रुग्ण पलंगावरून पडला आहे, परिचारिकेने सर्वप्रथम काय करावे? पर्याय होते डॉक्टरांना कळवावे, नातेवाइकांना बोलवावे, घटनेची नोंद करावी, रुग्णाची अवस्था तपासावी. मी डॉक्टरांना कळवावे असे निवडले होते आणि मला अजूनही तेच बरोबर वाटत होते.

“बाळा, डॉक्टरांना फोन लावशील तर ते पहिला प्रश्न काय विचारतील?” सिस्टर म्हणाल्या. “शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, कुठं मार लागलाय. ते सांगायला तुला आधी पाहावंच लागेल ना? आधी पेशंटकडे पाहायचं, मग डॉक्टरांना सांगायचं, मग लिहायचं.”

त्या वाक्याने माझे अभियोग्यतेचे बरेच लाल गोल एकदम उलगडले. इंजेक्शन घ्यायला नकार देणारा रुग्ण, रडणारे मूल, औषधानंतर अंगावर पुरळ आलेली बाई, अशा प्रत्येक प्रश्नात मी काहीतरी करून टाकणारा पर्याय निवडला होता आणि बरोबर उत्तर आधी पाहण्याचे किंवा विचारण्याचे होते. याला मर्यादा आहे. प्रश्नातच रुग्णाची अवस्था तपासून सांगितलेली असेल, जसे की श्वास थांबला आहे, तर पुन्हा तपासण्याचा पर्याय चुकीचा ठरतो आणि कृतीचा पर्याय निवडावा लागतो. म्हणून ‘पाहणे झाले आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा, असे वहीत लिहिले.

शुक्रवार हा या आठवड्यातला सर्वांत उपयोगी दिवस ठरला. त्या दिवशी वहीतले प्रश्न पुन्हा सोडवायचे होते. मी माझ्या धाकट्या भावाला प्रश्न वाचायला बसवले. सुरुवातीची उत्तरे पटापट बरोबर येत होती, आणि मला फार समाधान वाटत होते. मग तो म्हणाला, “ताई, मी अजून पूर्ण वाचलंच नाही, तू उत्तर कसं दिलं?” प्रश्न होता ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू किती, आणि मी त्याच्या ‘०.००१’पाशीच ‘तीन’ म्हणाले होते. उत्तर बरोबर होते, पण मी ते प्रश्नाच्या चेहऱ्यावरून ओळखले होते. प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी उत्तर तोंडात आले, किंवा उत्तर शब्दांत न आठवता ‘ब’ असे अक्षर आठवले, तर तो प्रश्न सुटलेला नाही, पाठ झालेला आहे. चुकलेल्या प्रश्नांवर भर देणाऱ्या उजळणीतला हा सर्वांत मोठा धोका आहे असे माझे मत आहे, आणि तो एकट्याने बसून लवकर लक्षात येत नाही.

म्हणून नियम बदलला. भावाने प्रश्न वाचताना त्यात एक गोष्ट बदलायची. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या जागी त्याने सोडियम हायड्रॉक्साइड घातले, संहती तीच ठेवली. मी पुन्हा ‘तीन’ म्हणाले आणि लगेच थबकले. इथे हायड्रॉक्साइड आयनांची संहती ०.००१ आहे, म्हणजे तीन हा `pOH` आहे, आणि २५ अंश सेल्सिअसला `pH + pOH = 14`, म्हणून सामू अकरा. उत्तर आम्लारी बाजूला यायला हवे, सातपेक्षा जास्त, ही पडताळणी एका नजरेत होते. पुढे मीच पुस्तकातून ०.००५ मोलर बेरियम हायड्रॉक्साइड घेतले. त्याच्या एका रेणूसूत्रातून दोन हायड्रॉक्साइड आयन सुटतात, म्हणून संहती ०.०१ होते, `pOH` दोन आणि सामू बारा. जो प्रश्न बदलूनही सुटला त्यापुढे वहीत हिरवी खूण केली. ज्यावर अडले तो रविवारसाठी राखला. इंग्रजीच्या प्रश्नांनाही हेच लावले. तापाने सोमवारपासून आजारी आहे या वाक्यात सिन्स बरोबर असेल, तर ‘सोमवारपासून’ऐवजी ‘तीन दिवस’ घातल्यावर फॉर लागते, हे बदल करून पाहिल्यावरच पक्के झाले.

शनिवारी एकच पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली. नवीन प्रश्नपत्रिका घ्यायची नाही हा माझा नियम होता, म्हणून पूर्वी दिलेलीच पुन्हा दिली. गुणांकडे पाहायचे नव्हते, वेळ कुठे जातो ते पाहायचे होते. जीवशास्त्र, अभियोग्यता आणि इंग्रजी आधी संपवून भौतिकचे हिशेब शेवटी ठेवले तर माझी शेवटची दहा मिनिटे सुटतात, एवढे त्यातून कळले.

रविवारी रामनवमी होती. सकाळी हिरवी खूण नसलेली पाने पाहिली, संध्याकाळी वही बंद केली आणि बाबांसोबत यवतमाळला मामांकडे मुक्कामाला गेलो, कारण सकाळच्या पहिल्या एसटीवर विसंबून राहणे मला जमले नसते. मध्यरात्रीपर्यंत झोप लागली नाही, हेही खरे आहे.

परीक्षेत कागदावर ‘नाही’ लिहिण्याची सवय कामी आली. शंका असलेले प्रश्न `Mark for Review & Next` ने बाजूला ठेवले. उत्तर बदलायचे की नाही यासाठी एकच कसोटी ठेवली होती: बदलण्याचे कारण मला एका वाक्यात सांगता येत असेल तरच बदलायचे. गुण कापले जात नसल्यामुळे शेवटी एकही प्रश्न रिकामा ठेवला नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते तपासून घेतले.

नंतर उत्तरतालिका आणि आपण दिलेली उत्तरे लॉगिनमध्ये पाहायला मिळतात. आक्षेप घेण्याची मुदत थोडीच असते, त्यामुळे संकेतस्थळावरील सूचना रोज पाहाव्यात. मी माझी उत्तरे त्याच चार चिन्हांनी तपासली. ‘वा’ आणि ‘हि’ जवळजवळ नव्हते, ‘गों’ कमी झाले होते. ‘मा’ मात्र जवळपास तेवढेच राहिले, विशेषतः भौतिकच्या त्या धड्यांत ज्यांवर सराव प्रश्नपत्रिकांत फारसे प्रश्नच नव्हते आणि म्हणून माझ्या वहीत ते कधी आलेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात ही उणीव भरून निघत नाही. त्यासाठी जानेवारीतच, पहिल्या सराव प्रश्नपत्रिकेनंतर, कोणत्या धड्याचा एकही प्रश्न अजून समोर आलेला नाही याची वेगळी यादी अनुक्रमणिकेवरून करावी लागेल. माझी चुलत बहीण आता अकरावीत आहे, तिच्या वहीचे पहिले पान आम्ही याच यादीने सुरू केले आहे.